सीटची दांडी आणि सोसायटीचं रसायनशास्त्र

सायकलच्या सगळ्या भागांत सीटची दांडी हा सर्वांत निरुद्योगी भाग. चाकं फिरतात, चेन पळते, ब्रेक घासतात, घंटीलासुद्धा अधूनमधून बोलावं लागतं. दांडी नुसती उभी असते. तिच्याकडून अपेक्षा एकच की कधी कुणी पान्हा घेऊन आला, तर गुपचूप चार बोटं वर सरकावं किंवा खाली जावं. आणि नेमकं तेवढंच ती नाकारते.

माझ्या भाच्याने जुनी सायकल विकत घेतली. स्टीलची फ्रेम, सडपातळ नळ्या, एकेकाळची चांगली गिअरची सायकल. विकणारा गृहस्थ उंचीने बेताचा होता आणि भाचा सहा फुटांच्या आसपास. सीट वर केली की झालं, असा व्यवहारी विचार करून त्याने पैसे मोजले. घरी आणल्यावर क्लॅम्पचा बोल्ट सैल केला. बोल्ट निघाला, क्लॅम्प निघाला, दांडी हलली नाही. भाचा सायकल चालवायला बसला की गुडघे हनुवटीला लागत. माहीमच्या रस्त्याने तो जाताना बघून लोक वाट देत, पण ती आदराने नव्हे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल उलटी ठेवली रे ठेवली, की अर्ध्या तासात तिच्याभोवती पाच माणसं जमतात आणि त्यांच्याकडे सात उपाय असतात, हा निसर्गनियम आहे. ‘तेल घाला’ म्हणणारा पहिला. ‘कुठलं तेल’ यावर मतभेद असणारे दुसरा आणि तिसरा. चौथा शीतपेय ओतायला सांगतो, कारण त्याने व्हिडिओ पाहिलेला असतो. पाचवा काही बोलत नाही, फक्त हातोडा आणायला जातो.

या सगळ्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. ते दुसऱ्या रोगावरचं होतं. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलीत दांडी स्टीलची आणि फ्रेमही स्टीलची. तिथे अडकलं की तो लाल गंज असतो. तेल मुरवा, रात्रभर ठेवा, दोन टोले द्या, दांडी फिरते. आपल्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. भाच्याच्या सायकलीत मात्र फ्रेम स्टीलची आणि दांडी अल्युमिनियमची होती. वजन वाचवायला अशी जोडी जमवतात. ती कोरडी असेपर्यंत गुण्यागोविंदाने नांदते. तिच्यात खारं पाणी शिरलं की दोन धातू आणि मधलं पाणी मिळून एक बॅटरी तयार होते. ही बॅटरी दिवा पेटवत नाही, फक्त अल्युमिनियम खाते. स्टीलचं यात काही बिघडत नाही. अल्युमिनियम स्वतः झिजून त्याला सांभाळतं. झिजलेल्या धातूची पांढरी पूड होते, म्हणजे बव्हंशी अल्युमिनियम हायड्रॉक्साइड, आणि मूळ धातूने व्यापली होती त्याच्या सुमारे तिप्पट जागा ती मागते. नळी तर तेवढीच. मग पूड जागा मिळेल तिथे दाबून बसते आणि दांडीभोवती पाचर ठोकल्यासारखी होते. दांडी अडकवणारा इथे लाल गंज नसतो, म्हणून त्याच्यावरचं औषध लागू पडत नाही.

खारं पाणी कुठून आलं, हा प्रश्न माहीममध्ये विचारू नये. तरीही एक साक्ष मिळाली. मूळ मालकाने लॉकडाउनमध्ये ही सायकल घरातच स्टँडवर लावून महिनोन्‌महिने दामटली होती. माणूस घामाघूम होई आणि घाम दांडीवरून ओघळत थेट नळीत. उरलेलं काम पावसाने केलं. बऱ्याच फ्रेममध्ये दांडी आवळण्यासाठीची चीर नळीच्या मागच्या बाजूला असते, म्हणजे बरोबर मागच्या चाकाच्या तोंडासमोर. मडगार्ड नसेल तर चाक रस्त्याचं पाणी इमानेइतबारे त्या चिरेत भरत राहतं. हा आराखडा ज्याने केला त्याच्या गावात पाऊस पडत नसावा.

आरमारांनी हा धडा सायकल जन्माला येण्याआधीच घेतला होता. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, समुद्री किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. दोन वर्षांनी पाहिलं तर तांबं ठणठणीत आणि ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी खाल्लेले. काही खिळे मात्र शाबूत होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढायचा राहून गेला होता, आणि तिथे लोखंड व तांब्याची गाठच पडली नव्हती. कामगारांच्या आळसातून लागलेला हा शोध मला फार आवडतो. सायकलच्या दांडीवर ग्रीसचा हात फिरवतात तो गुळगुळीतपणासाठी, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात ग्रीस हा तो तपकिरी कागद आहे. भाच्याच्या सायकलीत तो कुणी कधी लावलाच नव्हता.

तेलवाल्यांना पहिली संधी मिळाली, कारण ते बहुमतात होते. वरून चिरेत स्प्रे मारला. मग भाच्याने जरा डोकं चालवून सायकल उलटी केली, सीटच्या नळीवरचा बाटलीच्या स्टँडचा एक स्क्रू काढला आणि त्या भोकातून तेल सोडलं, म्हणजे ते आतून दांडीकडे उतरेल. कल्पना योग्य होती. फक्त दांडी पोकळ असते आणि तिच्या डोक्याला भोक होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तेल दांडीच्या पोटातून सरळ खाली आलं आणि तळमजल्यावरच्या वहिनींच्या तुळशीकडे निघालं. भोकात चिंधी कोंबायला हवी होती. वहिनी ते पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये सविस्तर सांगणार आहेत.

तेल घालू नये असं नाही. दांडी एकदा हलायला लागली की तेल मदत करतं. पण पांढरी पूड तेलात विरघळत नाही, आणि ती इतकी घट्ट बसलेली असते की तेलाला आत शिरायला वाट नसते.

भाच्याने मग अमोनियाचं नाव काढलं. त्यामागे मोठा आधार होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेल्डन ब्राउन नावाचे सायकल मेकॅनिक होऊन गेले, १९४४ ते २००८. सायकलच्या दुरुस्तीवर त्यांनी इतकं आणि इतक्या प्रेमाने लिहून ठेवलंय की जगभरचे सायकलवाले अडलं की त्यांचाच आधार घेतात. अडकलेल्या अल्युमिनियमच्या दांडीवर ते अमोनिया सुचवत. भाचा बाटली आणायला निघणार, इतक्यात दुसऱ्या मजल्यावरची बारावीतली मुलगी क्लासला जाता जाता थांबली. म्हणाली, “दादा, सॉल्ट ॲनालिसिसमध्ये अल्युमिनियमची टेस्ट काय असते? अमोनिया घातलं की पांढरा गोळा खाली बसतो. जास्त घातलं तरी विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड जास्त घातलं तर विरघळतो.” एवढं बोलून ती गेली. पार्किंगमध्ये जरा वेळ शांतता पसरली. शेल्डन ब्राउन यांच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही, पण प्रात्यक्षिकाची वही मुलीच्या बाजूने होती.

आता ‘तापवा’ पक्ष पुढे सरसावला. त्याचे नेते रेल्वेतून निवृत्त झालेले काका. “आम्ही वर्कशॉपमध्ये चाकावर पोलादी टायर कसा चढवायचो? तापवून! गरम झाला की पसरतो, सरकन बसतो. उतरवायचा तरी तसाच.” काकांचं बरोबर होतं, चाकापुरतं. तिथे बाहेरचा टायर तापवतात आणि आतलं चाक थंड राहतं. इथे आतली वस्तू अल्युमिनियमची. तिला उष्णता चटकन पोचते, आणि तेवढ्याच तापमानाला ती स्टीलच्या जवळजवळ दुप्पट पसरते. सायकल गरम केली तर दांडी आणखी आवळून बसणार, आणि वर रंग जळणार तो वेगळाच.

मग उलटं केलं तर? थंड केलं की अल्युमिनियमच जास्त आक्रसेल. भाच्याला हे पटलं आणि त्याने हिशेब मांडला. दांडीचा व्यास २७.२ मिलिमीटर. तापमान ५० अंशांनी उतरवलं तर दांडी आणि नळी यांच्यात फरक पडतो साधारण ०.०१५ मिलिमीटरचा. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा. पण जिथे मुळात फटच नाही तिथे एवढी फटही मोलाची, आणि आकुंचनाच्या झटक्याने पुडीला तडा गेला तर तेलाला वाट मिळते. बर्फ तर नुसता शून्य अंशावर. त्याखाली जायचं म्हणजे त्यात मीठ घालायला हवं, जसं पूर्वी आईस्क्रीमच्या पॉटमध्ये घालत. ज्या सायकलीचं वाटोळं मिठाने केलं, तिच्यावर उपचार म्हणून सहा फुटी मुलगा किलोभर मीठ घेऊन उभा आहे, हे दृश्य मी पाहिलं आहे. सुदैवाने बर्फ आणि मीठ त्याने प्लास्टिकच्या लांबट पिशवीत भरून दांडीच्या पोकळीत सोडलं. दांडी थंडगार झाली, तिच्यावर दव जमलं, आणि ती जागच्या जागी राहिली.

इतका वेळ सगळे दांडी ओढत होते, हेही सांगायला हवं. अडकलेली दांडी ओढून निघत नाही, ती आधी फिरवावी लागते. पुडीची पकड फिरवून मोडते. पण ती फिरवायची कशाने? सीट धरून जोर लावाल तर सीटच्या खालचे गज वाकतात आणि हातात सीट येते. मोठा पान्हा लावलात तर तो गोल दांडीवरून घसरतो आणि तुमची बोटं फ्रेमवर आपटतात. कसलेला मेकॅनिक हा प्रश्न उलटा करतो. दांडी जागेवर धरायची आणि सायकल फिरवायची.

ते आम्ही एका लेथवाल्याच्या गाळ्यात पाहिलं. सीट उतरवली, दोन्ही चाकं काढली. जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेल्या टेबलावर अवजड व्हाइस होता. सीट जिथे बसते ते दांडीचं चपटं डोकं मिस्त्रींनी व्हाइसच्या जबड्यात पकडलं. त्या डोक्याला कायमचा राम म्हणायचा, हे त्यांनी आधीच बजावलं. मग त्यांनी जोर लावायच्या आधी एक गोष्ट केली, आणि मला हा माणूस आवडला. खिशातून मार्कर काढून दांडीवरून नळीवर जाणारी एक सरळ उभी रेघ ओढली.

“ही कशाला?” भाच्याने विचारलं.

“फ्रेम हातभर लांब आहे. दोघांनी जोर लावला की हलल्यासारखं वाटणारच,” मिस्त्री म्हणाले. “दांडी फिरली की फ्रेम पिळली, ते ही रेघ सांगेल.”

दोघांनी फ्रेमची दोन टोकं धरली आणि दिंडी-दरवाजा ढकलावा तसं तिला ढकललं. फ्रेम दोन बोटं गेली. भाचा ओरडला, “मामा, हलली!” हात सैल केले तशी फ्रेम स्प्रिंगसारखी जागेवर परत आली. रेघ एकसंध होती. म्हणजे दांडी तिळभरही फिरली नव्हती. पीळ नळीला बसत होता. सुटणारी दांडी आवाज करते. आधी एक खणखणीत टणत्कार येतो, मग कर्रर अशी कुरकुर, आणि रेघेचे दोन तुकडे होतात. इथे सगळं चिडीचूप. आणखी रेटलं असतं तर सीटच्या नळीजवळच्या बारीक नळ्या वाकल्या असत्या किंवा जोड तडकला असता. मग दांडी सुटूनही काही उपयोग नव्हता. मिस्त्री म्हणाले, “बस.” आमच्या पार्किंगमध्ये इतक्या सल्ल्यांत हा एक शब्द कुणी उच्चारला नव्हता.

उरले दोन मार्ग. पहिला बारावीच्या मुलीचा, कॉस्टिक सोडा. तुंबलेल्या मोरीत घालायच्या अनेक पावडरींत तोच असतो. तो नुसती पूड नव्हे, अल्युमिनियमची अख्खी दांडीच विरघळवतो आणि स्टीलला हात लावत नाही. ऐकायला हे स्वर्गीय वाटतं. प्रत्यक्षात द्रावण उकळल्यासारखं फसफसतं, तापतं, त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणजे जवळ ठिणगी नको. थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. रंगाची वाट लागते. पेडलच्या आसाजवळचे कप किंवा बाटलीच्या स्टँडच्या आट्या अल्युमिनियमच्या असतील तर दांडीबरोबर त्याही जातात. आणि फ्रेमच अल्युमिनियमची असेल, तर सोड्याचं नावही काढू नये. दांडी सुटेल ती फ्रेम उरणार नाही म्हणून. ज्यांच्याकडे चष्मा, हातमोजे, मोकळी हवा आणि वाया घालवायला रंग आहे, ते करतात. मिस्त्री म्हणाले, “माझ्या गाळ्यात नको. हेक्सा ब्लेड काढतो.”

दुसरा मार्ग म्हणजे दांडी आतून चिरणे. त्यात युक्ती काहीच नाही, नुसती चिकाटी आहे, म्हणून तो सर्वांत शेवटी आठवतो. नळीच्या वर इंचभर ठेवून मिस्त्रींनी दांडी आडवी कापली. आता वरून पाहिलं की आतला पोकळ गोल दिसू लागला. हॅकसॉचं नुसतं पातं घेऊन त्याच्या एका टोकाला चिंध्या गुंडाळून मूठ केली. ते दांडीच्या पोटात सोडलं आणि आतल्या भिंतीवर वर-खाली ओढायला सुरुवात केली. दात आपल्या बाजूला ठेवायचे, म्हणजे ओढताना कापतं. ढकलताना कापायला गेलं तर पातं वाकून मोडतं. दांडीची भिंत साधारण दोन-तीन मिलिमीटर जाड. पण आधीच्या मालकाच्या बेताच्या उंचीमुळे जवळजवळ सगळी दांडी आतच होती. जितका बुटका मालक, तितकी लांब करवत. भाच्याचे दंड भरून आले. शेजारच्या गाळ्यातले दोघे येऊन बघून गेले आणि जाताना त्यांनीही तेलाचा सल्ला दिला.

यात धोका एकच आहे, दांडीबरोबर फ्रेमची नळीही चिरण्याचा. ते कळतं कसं? पात्याला लागणारा कीस पाहायचा. अल्युमिनियमचा कीस चंदेरी, मऊ, दाताला चिकटणारा. शेवटी पांढरी पूड गळू लागली की दांडी संपत आली. त्यानंतर काळसर, कोरडा कीस दिसला किंवा पात्याचा मऊ खर्रर आवाज बदलून किरकिरा झाला, की हात तिथेच थांबवायचा, कारण आता तुम्ही फ्रेम कापताय. मिस्त्री दर थोड्या वेळाने पातं बाहेर काढून बोटावर पुसत आणि उजेडात धरत. वरच्या टोकाला चीर लवकर पार होते, खाली मागे राहते, म्हणून पातं तिरकं धरून खालच्या भागावर जास्त वेळ द्यावा लागतो. ही गोष्ट पुस्तकापेक्षा खांदा चांगली शिकवतो.

एक चीर पूर्ण झाल्यावर त्यांनी बाहेरचं टोक पकडीत धरून आत मुडपून पाहिलं. दांडी जरा दबली, सुटली नाही. मग पहिल्या चिरेपासून बोटभर अंतरावर दुसरी चीर घेतली. मधली पट्टी जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्यावर ती खपलीसारखी वर आली आणि मागोमाग पांढरी पूड भसाभस सांडली. एकदा पट्टी गेली की उरलेल्या दांडीला आत दुमडायला जागा मिळते. पकडीने ती वळकटी वळवली, थोडं तेल सोडलं (आता तेलाला वाट होती, आणि तेलवाल्यांचाही मान राहिला), डावी-उजवीकडे हलवलं. टणत्कार झाला. तो ऐकून भाच्याने जी आरोळी ठोकली, ती त्याने दहावीच्या निकालालाही ठोकली नव्हती.

बाहेर आलेली वस्तू पाहण्यासारखी होती. वर क्लॅम्पच्या जागी धातू अजून चकचकीत, आणि खाली सबंध लांबी चुन्यात घोळल्यासारखी, मध्ये मध्ये खड्डे. फ्रेमची नळी आतून पाहिली तर स्टील शाबूत, थोडा लालसर डाग. अल्युमिनियमने शेवटपर्यंत सांभाळलं होतं.

नवी दांडी घेताना एक काळजी घ्यावी लागते. या दांड्या ०.२ मिलिमीटरच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत मिळतात, २६.८, २७.०, २७.२, आणि डोळ्याला सगळ्या सारख्याच दिसतात. बारीक दांडी घेतली तर ती सीटसकट हळूहळू खाली जात राहते. जाड घेतली तर पुन्हा हातोडेवाले गृहस्थ येतात. जुन्या दांडीवर माप कोरलेलं असतं. ती कापण्याआधी वाचावं. आमच्या मिस्त्रींनी वाचलं होतं. नळी आतून सँडपेपरने घासून पुसली, दांडीला आणि नळीच्या आत ग्रीस लावलं, आणि जोडावर जुन्या ट्यूबचा चार बोटं तुकडा रबरी बाहीसारखा चढवला, म्हणजे मागच्या चाकाचं पाणी चिरेत जाणार नाही. दांडीवर ‘किमान इतकी आत हवी’ अशी खूण असते. भाच्याच्या उंचीला ती खूण नळीच्या तोंडाशी आली असती, म्हणून त्याने लांब दांडी घेतली. खूण बाहेर ठेवून चालवलं तर एक दिवस दांडी वाकते किंवा नळी फाटते.

तुमची सायकल स्टीलची असो, अल्युमिनियमची असो की कार्बनची, पावसाळा सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दांडीवर नळीच्या तोंडाशी चिकटपट्टीची खूण करा, बोल्ट सैल करा आणि दांडी फिरवून बाहेर काढा. कार्बन कुठेही असेल तर ग्रीसऐवजी त्याची वेगळी पेस्ट लावा; त्याच्याही संगतीत अल्युमिनियमच झिजतं. दांडी पुसून, लेप लावून खुणेपर्यंत परत घाला. दहा मिनिटांचं काम आहे. आणि दांडी हललीच नाही, तर सायकल पार्किंगमध्ये उलटी ठेवू नका. थेट गाळ्यावर न्या.